तिकीट काढण्याआधी: इंटरव्यूच्या ऑफिसचा पत्ता गावात बसून कसा तपासायचा

शुक्रवारी संध्याकाळी दुकान आवरत होतो, तेवढ्यात एक पोरगा आला. आर्णी रोडवरच्या खेड्यातला, बी.कॉम. झालेला. मोबाईल पुढे करून म्हणाला, "दादा, याची कलर प्रिंट मारून दे ना. मंगळवारी पुण्याले इंटरव्यू हाय."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. अशी पत्रं महिन्याला चार-पाच तरी माझ्या प्रिंटरमधून निघतात. पूर्वी मी मुकाट्याने प्रिंट काढून देत असे. मग माझा सख्खा मावसभाऊ अशाच पत्रावर पुण्याला गेला. पत्त्यावर पोचला तर तिथे कुंपण घातलेला रिकामा प्लॉट. फोन केला तेव्हा त्याला म्हणाले, ऑफिस शिफ्ट झालंय, आमचा माणूस घ्यायला येतो. त्याला शहराबाहेरच्या एका खोलीत नेलं. तिथे आधीच वीसेक पोरं बसलेली. 'ट्रेनिंग'च्या नावाखाली पैसे मागितले आणि ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतल्या. त्या परत मिळवायला आमचे नऊ दिवस गेले. तेव्हापासून प्रिंट मारण्याआधी मी पत्ता वाचतो.

आपल्याकडून पुणं म्हणजे खेड्यातून तालुक्याला, तालुक्यातून यवतमाळला आणि तिथून रात्रभर ट्रॅव्हल्स. नाहीतर धामणगावला जाऊन महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची. जाणं-येणं, एका रात्रीचं राहणं आणि खाणं धरलं तर तीन-साडेतीन हजार सहज उडतात. सोयाबीनचे पैसे अजून हातात आलेले नसतात, त्यामुळे बहुतेक वेळा ती रक्कम कोणाकडून तरी उसनी घेतलेली असते. हे तपासायला मात्र तास-दीड तास लागतो, एका फोनचा बॅलन्स लागतो आणि कामाचा एखादा दिवस हाताशी लागतो. त्या पोराच्या पत्रावर आम्ही जे जे केलं, तेच इथे क्रमाने सांगतो.

एका पत्त्यात तीन प्रश्न असतात

बहुतेक पोरं पत्ता गुगल मॅपवर टाकतात, लाल पिन दिसली की निवांत होतात. गफलत इथेच होते, कारण आपल्याला तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं हवी असतात. पहिला, ती इमारत, तो मजला आणि तो ऑफिस नंबर खरंच आहे का? दुसरा, त्या ऑफिसात ती कंपनी बसते का? तिसरा, त्या कंपनीनेच आपल्याला बोलावलंय का?

फसवणारे आता रिकाम्या प्लॉटचा पत्ता फारसा देत नाहीत. पत्ता खरा देतात, नाव खऱ्या कंपनीचं वापरतात, म्हणजे पहिला प्रश्न पास होतो. कधीकधी दुसराही अर्धामुर्धा पास होतो. म्हणून तिन्ही प्रश्न सुटे ठेवायचे आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लावायचं नाही.

आधी पत्ता कागदावर फोडून लिहा

पोराच्या पत्रावरचा पत्ता मी वहीत एकाखाली एक लिहून काढला. ऑफिस नं. 304. तिसरा मजला. इमारतीचं नाव (ते मी इथे लिहीत नाही). खराडी. पुणे. पिन 411028.

असा फोडून लिहिला की काय सुटलंय ते लगेच दिसतं. मोठ्या इमारतीचा पत्ता असून मजला किंवा ऑफिस नंबर नसेल, तर पत्ता अर्धा आहे. 'स्टेशनजवळ, पुणे' हा तर पत्ताच नाही. एमआयडीसीचा पत्ता असेल, मग ती हिंगणा असो की बुटीबोरी, तर प्लॉट नंबर असलाच पाहिजे. तिथले कारखाने प्लॉट नंबरावरच ओळखले जातात आणि तो सहसा गेटवर लिहिलेला असतो. 'हिंगणा एमआयडीसी, नागपूर' एवढंच लिहून कोणी बोलावत असेल तर आधी प्लॉट नंबर मागा.

मग पिनकोड. इंडिया पोस्टच्या साईटवर पिन टाकला की त्या पिनखालच्या पोस्ट ऑफिसांची नावं दिसतात. आपल्या विदर्भाचे पिन 44 ने सुरू होतात, पुणे शहराचे 411 ने. आमच्या पत्रात खराडी लिहिलं होतं, पण 411028 हा पिन हडपसरचा निघाला. खराडीचा पिन 411014.

आता यावरून पत्र खोटं ठरत नाही. चांगल्या कंपन्यांचे कारकूनही पिन चुकवतात आणि पुण्यात या भागांच्या हद्दी एकमेकींना लागून आहेत. पण ज्या ऑफिसात माणूस रोज जाऊन बसतो, तिथला पिन त्याला पाठ असतो. मी वहीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढे गेलो.

नकाशावर आधी इमारत शोधा, कंपनी नंतर

मॅपवर कंपनीचं नाव टाकून सुरुवात करू नका. गुगल मॅपवर कोणीही एखादं ठिकाण जोडायला पाठवू शकतो आणि त्यावर पाचपन्नास 'बेस्ट कंपनी' रिव्ह्यू लिहून घेऊ शकतो. कंपनीच्या नावाने पिन सापडली तर तेवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. इमारतीचं नाव आणि भाग टाकायचा. इमारत जुनी असेल तर तिथल्या इतर दुकानांनी, बँकेने, दवाखान्याने आपापल्या पिना आधीच लावलेल्या असतात. त्यांचा त्या पत्रवाल्याशी काहीही संबंध नसतो, म्हणूनच त्या आपल्या कामाच्या.

आमची इमारत सापडली. खाली एक मेडिकल, एक झेरॉक्सचं दुकान आणि बँकेचं एटीएम. मग स्ट्रीट व्ह्यू उघडला. पुण्यात ही सोय 2022 पासून आहे. त्यात आपण रस्त्यावर उभं राहून इमारतीकडे बघतोय असं दिसतं. पोराला म्हटलं, बोट ठेवून मजले मोज. त्याने तळमजला धरून सहा मोजले, म्हणजे तिसरा मजला आहे. हे पोरखेळ वाटेल, पण मागच्या वर्षी एका मुलीच्या पत्रात 'सातवा मजला' होता आणि इमारत होती चार मजल्यांची. तिचं काम दहा मिनिटांत संपलं.

स्ट्रीट व्ह्यूच्या फोटोवर तो कधी काढलाय ते महिना-वर्षासकट लिहिलेलं असतं. तेवढं वाचाच. फोटो दोन वर्षांपूर्वीचा असेल तर त्यात कंपनीची पाटी न दिसणं हा पुरावा नाही, ती नंतर आलेली असू शकते. इमारत आणि मजले मात्र सहसा बदलत नाहीत. आपल्याकडच्या तालुक्यांत आणि आतल्या रस्त्यांवर स्ट्रीट व्ह्यू बऱ्याच ठिकाणी नाही. तिथे ठिकाणाच्या पानावर लोकांनी टाकलेले फोटो बघा, तारखेनुसार. कंपनीची स्वतःची पिन असेल तर तिचे रिव्ह्यूही 'सर्वात नवीन' असे लावून वाचा. एकाच आठवड्यात पडलेले, एकाच धाटणीचे पाच-पाच तारे काही सांगत नाहीत. एखाद्याने चिडून लिहिलेलं 'पैसे घेतले, ऑफिस बंद आहे' हे मात्र तळाशी कुठेतरी सापडतं.

एवढ्यावर पहिला प्रश्न पास झाला. इमारत खरी, मजला खरा. पोराच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मंग खरंच हाय ना, दादा?" मी म्हटलं, बिल्डिंग खरी हाय, बाकीचं उद्या पाहू.

शेजाऱ्याला फोन

या सगळ्यात माझा सगळ्यात जास्त विश्वास या पायरीवर आहे, आणि नेमकी हीच करायला पोरं लाजतात. अनोळखी माणसाला, तेही पुण्यातल्या, फोन कसा करायचा? सांगतो. लोक मदत करतात. मी आजवर असे पंचवीस-तीस फोन केले असतील, तुसडेपणाने फोन ठेवणारे दोन-तीनच निघाले.

नंबर मॅपवरून घ्यायचा. त्याच इमारतीतलं तळमजल्याचं दुकान सगळ्यात उत्तम. मेडिकल, झेरॉक्स, चहा-नाश्त्याचं हॉटेल. दिवसभर तिथे बसणाऱ्या माणसाला वर कोण चढतं-उतरतं ते माहीत असतं. वेळ सकाळी अकरा ते बारा किंवा दुपारी चारच्या सुमाराची, जेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. रविवार टाळा.

प्रश्न कसा विचारायचा हे महत्त्वाचं. "अमुक कंपनी तुमच्या बिल्डिंगमध्ये आहे ना?" असं विचारलं की समोरचा कामाच्या नादात "हो हो, असेल" म्हणून मोकळा होतो. कंपनीचं नाव आपण आधी घ्यायचंच नाही. मजला विचारायचा आणि तिथे काय आहे ते त्याला सांगू द्यायचं.

शनिवारी साडेअकराला पोराला शेजारी बसवून मी मेडिकलला फोन लावला, स्पीकरवर.

"नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातून बोलतोय. आमच्याकडच्या एका मुलाला तुमच्या बिल्डिंगमध्ये इंटरव्यूला बोलावलंय. एवढ्या लांबून यायचं म्हणून खात्री करतोय. दोन मिनिटं आहेत का?"

"बोला की."

"तिसऱ्या मजल्यावर कोणकोणती ऑफिसं आहेत?"

"तिसऱ्यावर एक सीए आहेत, एक क्लिनिक आहे. आणि उरलेल्या जागेत ते भाड्याचे केबिन."

"भाड्याचे म्हणजे?"

"म्हणजे तासावर, दिवसावर देतात. मीटिंगला वगैरे. रोज नवीन माणसं असतात."

"304 नंबर त्यातलाच का?"

"301 सीएंचं, 302 क्लिनिक. पुढचे सगळे त्यांचेच."

मग मी कंपनीचं नाव घेतलं. तो म्हणाला, "खाली बोर्डावर तर असं नाव नाही बुवा. थांबा, बघून सांगतो." खरंच बाहेर जाऊन लॉबीतला बोर्ड वाचून आला. नाव नव्हतं.

अशा जागांना बिझनेस सेंटर म्हणतात, कोवर्किंग म्हणतात. त्यात वाईट काही नाही. बाहेरगावच्या चांगल्या कंपन्याही इंटरव्यूसाठी दिवसभर केबिन घेतात. काही छोट्या कंपन्यांचा नोंदणीचा पत्ताच तिथला असतो, टपाल येतं आणि माणूस कोणी बसत नाही. पण तिथे पत्ता असणं म्हणजे तिथे कंपनी असणं नव्हे. सकाळी केबिन घ्यायचा, वीस पोरांकडून पैसे गोळा करायचे आणि संध्याकाळी निघून जायचं, हे तिथे जमतं. म्हणून असं उत्तर आलं की लगेच खोटं म्हणू नका, पण तिसरा प्रश्न मग अजिबात सोडू नका.

दुकानाचा नंबरच मिळत नसेल तर दुसरी वाट म्हणजे गावचं माणूस. आपल्या प्रत्येक गावातली दोन-चार पोरं चाकण, रांजणगाव, वाघोली, हिंजवडीला कामाला आहेतच. त्यातल्या एकाला सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी जायला सांगा. रविवारी गेला तर सगळीच शटरं बंद दिसतील आणि काही कळणार नाही. त्याच्याकडून दोनच फोटो मागा, लॉबीतल्या नावांच्या बोर्डाचा आणि त्या दरवाजाचा. दरवाजावर कंपनीची पक्की पाटी आहे की ए-फोर कागदावर प्रिंट मारून सेलोटेपने चिकटवलंय, एवढं फोटोत दिसलं तरी बरंच कळतं. गेटवरच्या वॉचमनकडे टपाल कोणाच्या नावाने येतं हेही विचारता येतं.

सरकारी नोंदीत पत्ता काय आहे

पत्रावर खाली बारीक अक्षरात एक लांबलचक नंबर होता. तो सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 12 प्रमाणे कंपनीच्या पत्रावर तिचं नाव, नोंदणीकृत ऑफिसचा पत्ता आणि हा नंबर छापणं बंधनकारक आहे. 'प्रायव्हेट लिमिटेड' असं मिरवणाऱ्या पत्रावर तो नसेल तर मागून घ्या.

हा नंबर 21 अक्षरांचा असतो आणि थोडा वाचताही येतो. नुसता साचा दाखवण्यासाठी खोटा नंबर लिहितो:

```
U12345GJ2011PTC000000
```

मधली दोन अक्षरं राज्याची: `GJ` म्हणजे गुजरात, `MH` असतं तर महाराष्ट्र. त्यापुढचे चार आकडे म्हणजे कंपनी नोंदली गेली ते वर्ष. आमच्या पोराच्या पत्रावर वर मोठ्या अक्षरात '1998 पासून सेवेत' लिहिलं होतं आणि नंबरातलं वर्ष होतं 2011. असं प्रामाणिक कारणानेही होतं, आधी भागीदारीत धंदा आणि मग कंपनी. वहीत दुसरं प्रश्नचिन्ह.

मग `mca.gov.in` वर `View Company/LLP Master Data` उघडायचं आणि तो नंबर किंवा नाव टाकायचं. पैसे लागत नाहीत. समोर नाव, नोंदणीची तारीख, `Registered Address` आणि कंपनी चालू आहे की नाही ते येतं. `Strike Off` लिहिलेलं दिसलं तर कंपनी नोंदवहीतून काढून टाकली आहे. तिथे इंटरव्यू कसला होणार?

आमची कंपनी मात्र `Active` निघाली. खरी, चालू, नाव अक्षर न् अक्षर तेच. पत्ता अहमदाबादचा. इथे घाई करून दोन्ही बाजूंना चुकता येतं. "कंपनी सरकारी साईटवर आहे" म्हणून पोरं निघतात, किंवा "पत्ता पुण्याचा नाही" म्हणून आपण खरं पत्र फाडतो. नोंदणीचा पत्ता एका गावी आणि काम दुसऱ्या गावी, हे अगदी नेहमीचं आहे. या साईटवरून एवढंच कळतं की अशी कंपनी आहे. तिची शाखा खराडीत आहे का, ते कळत नाही.

शाखेसाठी जीएसटीची साईट जास्त कामाची, `services.gst.gov.in`. तिथे `Search Taxpayer` मध्ये जीएसटी नंबर टाकला की धंद्याचं कायदेशीर नाव, नंबर चालू आहे की रद्द, आणि `Principal Place of Business`, म्हणजे धंद्याची मुख्य जागा दिसते. लॉगिन लागत नाही. जीएसटी नंबर राज्यागणिक वेगळा घ्यावा लागतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे 27. म्हणून पुण्यात शाखा चालवून बिलं फाडणाऱ्या कंपनीकडे सहसा 27 ने सुरू होणारा नंबर असतो. पत्रात नसेल तर विचारायचा. प्रामाणिक माणसाला हा नंबर सांगायला काही वाटत नाही, तो त्याच्या प्रत्येक बिलावर असतो.

जिथे 'प्रायव्हेट लिमिटेड' नाही, नुसतं एखादं एंटरप्रायझेस किंवा ट्रेडर्स आहे, तिथे सीआयएन शोधत बसू नका. एका मालकाच्या धंद्याला तो नसतोच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबरही नसू शकतो. उद्यम नोंदणीचा कागद दाखवतात कधीकधी. ती नोंदणी माणूस स्वतःच माहिती भरून करतो, तेव्हा त्यावरच्या पत्त्याला मी फारसं वजन देत नाही. अशा लहान धंद्यांसाठी शेजाऱ्याला फोन हाच खरा उपाय.

तिसरा प्रश्न: त्यांनीच बोलावलंय का?

इथे एकच नियम, आणि तो कडक पाळायचा. पत्रावरचा नंबर, ज्यावरून व्हॉट्सअॅप आलं तो नंबर, किंवा त्या माणसाने दिलेली लिंक यांपैकी काहीही वापरायचं नाही. पत्र खोटं असेल तर त्यावरचा 'एचआर विभाग' हा नंबरही त्याच माणसाच्या खिशात वाजतो. कंपनीची साईट आपण स्वतः शोधायची आणि तिथला फोन घ्यायचा, शक्यतो लँडलाईन. लँडलाईनला शहराचा कोड असतो, पुण्याचा 020, नागपूरचा 0712, त्यामुळे तो फोन कुठे वाजतोय हे तरी कळतं.

साईटही नीट बघा. पत्रातला ईमेल आणि साईटवरचा ईमेल यांच्यात @ च्या पुढचा भाग अक्षरशः जुळला पाहिजे. मध्ये एक 'careers' घुसवलेला, `.com` च्या जागी `.co`, किंवा सरळ जीमेल, असं असेल तर वेगळं समजायचं. आमच्या पत्रात कंपनीचं नाव आणि पुढे `hr` लावलेलं जीमेल होतं. छोटा दुकानदार जीमेल वापरतो, त्यात वावगं नाही. पण ज्यांची स्वतःची साईट आहे ते इंटरव्यूचं पत्र जीमेलवरून सहसा पाठवत नाहीत.

अहमदाबादला फोन लावला. कोड 079. बाईंनी उचलला. मी पत्राची तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि खराडीचा पत्ता सांगितला. त्या म्हणाल्या, आमचं पुण्यात ऑफिसच नाही, आणि या नावाचं आमच्याकडे कोणी नाही. वर म्हणाल्या, या महिन्यातला हा असा तिसरा फोन, आधीचे दोन्ही अकोल्याकडचे होते.

पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, "पण दादा, बिल्डिंग तं खरी होती."

त्यांना विचारलं तर काय उत्तर येतं

त्याच्या मनातली शंका जाईना, म्हणून पत्रवाल्याला त्यालाच फोन करायला लावला. पैसे गेले नव्हते, ओरिजिनल घरीच होते, त्यामुळे धोका नव्हता. काय विचारायचं ते मी लिहून दिलं. ऑफिसच्या दरवाजावरच्या पाटीचा फोटो पाठवाल का? ऑफिसचा लँडलाईन नंबर कोणता? खाली गेटवर कोणाचं नाव सांगायचं? ही कोणत्याही खऱ्या ऑफिसला अर्ध्या मिनिटात देता येणारी उत्तरं आहेत.

पलीकडून फोटो आला नाही, लोकेशन आलं. लक्षात घ्या, व्हॉट्सअॅपवर नकाशातली कुठलीही जागा निवडून तिचं लोकेशन पाठवता येतं, पाठवणारा तिथे असावा लागत नाही. मग तो म्हणाला, "पत्ता शोधायची गरजच नाही, तुम्ही पुण्यात उतरलात की फोन करा, आमचा माणूस गाडी घेऊन येईल." माझ्या मावसभावाच्या वेळचं वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द. साध्या ऑफिसच्या पोस्टसाठी बोलावलेल्या पोराला घ्यायला माणूस कशाला येईल? पत्ता सोडून स्टँडवर भेटायला बोलावलं, किंवा निघायच्या आदल्या दिवशी 'ऑफिस शिफ्ट झालं' म्हणून नवा पत्ता आला, की मी बाकी सगळं जुळत असलं तरी थांबायला सांगतो. पत्ता बदलला तर तपासणी पहिल्यापासून करायची.

शेवटी तो म्हणाला, गेटपाससाठी 1,800 रुपये आजच्या आज पाठवा, इंटरव्यूनंतर परत मिळतील. पोराने फोन ठेवला.

पैसे दिलेच असते तर लगेच 1930 वर फोन करायचा असतो, तोच सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर आहे. तक्रार `cybercrime.gov.in` वरही करता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. आम्ही पैसे दिले नव्हते, तरी पत्र, नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट तिथे टाकून ठेवले. ते चॅट रागाच्या भरात डिलीट करू नका.

उत्तर अर्धवटच मिळालं तर

दर वेळी असा स्वच्छ निकाल लागत नाही. शेजारी फोन उचलत नाही, कंपनी लहान आहे, इंटरव्यू परवा आहे. अशा वेळी पहिला इंटरव्यू व्हिडिओ कॉलवर घ्या म्हणून विचारा, किंवा तारीख दोन दिवस पुढे मागा. "यवतमाळहून यायचंय, रिझर्व्हेशन मिळत नाही" हे खरंच कारण आहे, लाजायचं काही नाही. गरजू मालक दोन दिवस थांबतो. 'आज नाही आलात तर जागा गेली' असं म्हणणाऱ्याची जागा गेलेलीच बरी.

तरीही जायचंच ठरलं तर ओरिजिनल मार्कशीट, टीसी घरी ठेवा. झेरॉक्सवर सही करून न्या आणि फोनमध्ये डिजीलॉकर ठेवा. पत्ता, बोलावणाऱ्याचा नंबर आणि पत्राचा फोटो घरच्यांच्या फोनमध्ये राहू द्या. पोचल्यावर आधी वर जाऊ नका, खाली चहा घ्या आणि चहावाल्यालाच विचारा, तिसऱ्या मजल्यावर कोण असतं म्हणून.

तो पोरगा दीडेक महिन्याने परत आला. या वेळी नागपूरचं पत्र, हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरचं काम. मी हात पुढे केला तर त्याने खिशातून वहीचं पान काढलं. प्लॉट नंबर, पिन 440016, 27 ने सुरू होणारा जीएसटी नंबर आणि त्यापुढे 'चालू, पत्ता तोच' असं लिहिलेलं. खाली एक मोबाईल नंबर होता. हा कोणाचा, विचारलं.

"तिथं बाजूले वजनकाटा हाय ना दादा, त्याचा. मॅपवर सापडला. म्या कंपनीचं नाव नाही घेतलं, बाजूच्या प्लॉटवर काय हाय तेच विचारलं. त्यानं गेटवरची पाटी वाचून दाखवली."

मग त्याने बायोडाटाच्या दोन कलर प्रिंट मागितल्या.